दह्याला तार सुटली की टाकायचं की खायचं?

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे गुहागर साईडला दोन तक्रारी हमखास ऐकू येतात, एक लाईट जाण्याची आणि दुसरी दह्याची. दही लागतं, वरून छान दिसतं, पण चमचा घातला आणि उचलला की मागे लांबलचक तार येते, भेंडी चिरताना येते ना अगदी तश्शी. मग घरातलं कोणीतरी नाक मुरडतं, कोणी म्हणतं दुधात भेसळ आहे, कोणी म्हणतं पावडरचं दूध असणार, आणि सगळा डबा गुरांच्या आंबोणात जातो. दुसऱ्या दिवशी त्याच दह्यातून आधीच काढून ठेवलेल्या विरजणाने परत दही लावलं जातं आणि परत तेच.

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि काही वर्षं एका डेअरीच्या लॅबमधे काढली आहेत, त्यामुळे गावी आल्यावर हा प्रश्न माझ्याकडे आपोआप येतो. "अगो, तू शिकलीयस ना ह्यातलं, सांग बघू हे खाऊ की नको." एका वाक्यात उत्तर द्यायला गेलं तर अर्धवट होतं, कारण तार सुटलेलं दही बहुतेक वेळा खाण्यालायक असतं आणि कधीकधी अजिबात नसतं, आणि नुसत्या तारेकडे बघून हे दोन ओळखता येत नाहीत. दुसरीकडे बघावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तार म्हणजे काय ते. दही लावतो म्हणजे आपण दुधात जिवंत बॅक्टेरिया सोडतो, ते दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज खातात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात. ॲसिड वाढत गेलं की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन एकमेकांना धरतं आणि जाळं तयार होतं, ते झालं दही. आता ह्याच बॅक्टेरियांपैकी काही जाती, खरं तर एकाच जातीतले काही वाण, ॲसिड बनवता बनवता अजून एक उद्योग करतात. साखरेचे कण एकाला एक जोडून लांब साखळ्या बनवतात आणि त्या अंगाबाहेर सोडतात. ह्या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि जाळ्यात अडकून बसतात. चमचा उचलला की त्या ताणल्या जातात, तीच तार. ह्या साखळ्यांना पुस्तकात एक्झोपॉलिसॅकराइड म्हणतात, लॅबमधे आम्ही नुसतं ईपीएस म्हणायचो.

गंमत म्हणजे ही वस्तू किती कमी असते. एका लिटर दह्यात साधारण काही मिलिग्रॅम ते काही शे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाएवढं किंवा त्याहून कमी, आणि तेवढ्याने अख्खा डबा लिबलिबीत होतो. त्यामुळे "एवढं चिकट झालंय म्हणजे नक्की काहीतरी भरपूर मिसळलंय" हा अंदाज चुकतो. आणि ह्या साखळ्या विषारी वगैरे नसतात, आपल्या पोटात त्या साध्या साखरेसारख्या पचत नाहीत, बऱ्याचशा फायबरसारख्या पुढे जातात.

एवढंच नाही, जगात लोक मुद्दाम असं दही बनवतात. फिनलंडमधे विली म्हणून एक दही आहे, ते चमच्याने उचललं की लोंबतं, आणि तिथले लोक ते सकाळी नाश्त्याला खातात. स्वीडनमधे लाँगफिल आहे, नॉर्वेतही असंच घट्ट ताणणारं दूध आहे. ही सगळी १८ ते २० डिग्रीला, म्हणजे थंडीत लावलेली, आणि त्यांच्यातला मुख्य बॅक्टेरिया लॅक्टोकोकस, जो आपल्या घरच्या विरजणातही अगदी सर्रास असतो. जपानमधे ज्याला कॅस्पियन सी योगर्ट म्हणतात ते पण असंच ताणणारं. तेव्हा तार म्हणजे सडलं असं गणित मांडलं तर अख्खं फिनलंड आजारी पडायला हवं होतं. आणि मोठ्या डेअऱ्या तर कमी फॅटच्या दह्याला घट्टपणा यावा, वर पाणी सुटू नये म्हणून असे साखळ्या बनवणारे वाण निवडून वापरतात. फक्त ते थोडी तार देणारे निवडतात, ताणली जाईल एवढी नाही. म्हणूनच दुकानातल्या पॅकेटच्या दह्याचं विरजण लावून घरी दही लावलं की कधीकधी पहिल्याच खेपेला बुळबुळीत निघतं. पॅकेटमधे तो वाण होताच, घरच्या टेंपरेचरला त्याला जास्त मोकळीक मिळाली इतकंच.

आता टेंपरेचर. मला विचाराल तर कोकणातल्या तारेचं खरं मूळ तिथेच आहे.

घरच्या विरजणात एकच बॅक्टेरिया नसतो, अख्खा गाव असतो. त्यात ढोबळ दोन गट. एक गट ४० ते ४५ डिग्रीला खुशीत असतो, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस हे त्यातले. हे उबेत झपाट्याने वाढतात, पाच-सात तासांत दही लावून मोकळे होतात. दुसरा गट २० ते ३० डिग्रीच्या आसपास आरामात राहणारा, लॅक्टोकोकस आणि ल्युकोनोस्टॉक. हे सावकाश काम करतात. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर हवा साधारण २४ ते २९ डिग्रीच्या मधे घुटमळते, म्हणजे थर्मोफिलस मंडळींना थंडी वाजते आणि ह्या दुसऱ्या गटाला मात्र सोयीचं हवामान मिळतं. वर अजून एक गोष्ट, ह्या साखळ्या बनवायचा उद्योग बरेच वाण तेव्हाच जास्त करतात जेव्हा ते त्यांच्या सगळ्यात आवडत्या उबेपेक्षा खाली असतात आणि हळूहळू वाढत असतात. म्हणजे थंड हवेत एकीकडे तार देणारे जिंकतात आणि दुसरीकडे जिंकलेले तार जास्त काढतात.

इथे मला चुलीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी मातीचं लोटकं वैलावर नाहीतर चुलीच्या कडेला ठेवायचे, रात्री निखाऱ्याची धग हळूहळू कमी व्हायची, दूध कोमट असताना विरजण घातलं की तासन् तास ते उबदारच राहायचं. कोणी टेंपरेचर मोजत नव्हतं पण जागा अशी होती की मोजायची गरज पडत नव्हती. आता गॅस आला, ओटा कडाप्प्याचा आला, आणि स्टीलचा डबा त्या गार कडाप्प्यावर खिडकीजवळ रात्रभर, खिडकीतून पावसाची झड. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी दही असं होत नव्हतं, आणि ते अगदी खरं आहे, फक्त दूध बदललं म्हणून नाही, डब्याखालची जागा बदलली म्हणून.

तिसरी गोष्ट, आणि हीच लोकांना पटकन पटत नाही, ती म्हणजे आपण तार जोपासतो. एकदा तारवाले वाण डब्यात वरचढ झाले की त्याच डब्यातून चमचाभर काढून दुसऱ्या दिवशी लावलं जातं, परत गार ओट्यावर, परत तेच वरचढ. आठवडाभर असं चाललं की विरजणच तारवालं होऊन बसतं. दूध बदला, गवळी बदला, ब्रँड बदला, तार काही जात नाही कारण ती दुधाबरोबर आलेलीच नव्हती.

शेजारच्या काकूंकडे गेल्या गणपतीच्या आधी हेच चाललं होतं. घरात माणसं येणार, पंचामृताला दही हवं, काकडीच्या कोशिंबिरीला हवं, आणि दह्याला तार. काकू दूधवाल्यावर भडकलेल्या. "तार बघ गो केवढी! पावडर घालतो मेला, नाहीतर साबण." मी म्हटलं काकू, दूध बदलायच्या आधी एक करून बघू, आणि कालचंच दूध घेऊ. एकच दूध, एकदाच उकळलं, कोमट केलं आणि तीन वाट्यांत सारखं ओतलं. पहिल्या वाटीत काकूंचं विरजण, ती नेहमीसारखी ओट्यावर. दुसऱ्या वाटीत काकूंचंच विरजण, पण वाटी कॅसेरोलमधे, आत गरम पाण्याचा पेला ठेवून झाकण घट्ट. तिसऱ्या वाटीत माझ्या जावेकडचं विरजण, ती अजून चुलीशी दही लावते, आणि तीही कॅसेरोलमधे. विरजण तिन्हीला अर्धा-अर्धा चमचा.

उबेतल्या दोन्ही वाट्या संध्याकाळी लागलेल्या होत्या, ओट्यावरची तोपर्यंत नुसती घट्टसर दूध. सकाळी ओट्यावरची पण लागली, आणि चमचा उचलला तर तार जवळजवळ वाटीच्या काठापर्यंत लोंबली, काकू "ईऽऽ" करून मागे सरल्या. दुसऱ्या वाटीत तार होती पण अगदी थोडी, चमचा उचलल्यावर लगेच तुटणारी. तिसरी वाटी कवडीदार, सुरीने कापावं तशी. दूध तिन्हीकडे तेच. म्हणजे तार येते ती विरजणातून आणि टेंपरेचरमधून. काकूंनी दूधवाल्याला साबणाच्या आरोपातून मुक्त केला, पावडरीच्या मात्र नाही केला, तो त्यांचा जुना हिशोब आहे.

ही तीन वाट्यांची टेस्ट कोणीही करू शकतं आणि मला वाटतं आधी हीच करावी. भेसळीची शंका असेल तर तिची टेस्ट वेगळी. दुधात पिठूळ काही, म्हणजे स्टार्च, आहे का ते बघायला दूध उकळून पूर्ण गार करायचं आणि आयोडीनचे दोन थेंब टाकायचे, निळसर झालं तर स्टार्च आहे. पण तार बघून भेसळ ओळखता येत नाही.

बरं, मग कधी टाकायचं. इथे मी जरा कडक आहे, कारण तारेचं दुसरं एक कुटुंब आहे आणि ते बिलकुल सोज्वळ नाही.

दूध आंबट व्हायच्या आधीच चिकट झालं तर ते दही नाही. हे वाक्य लॅबमधे आम्हाला डोक्यात घालून दिलं होतं आणि अजून उपयोगी पडतं. गवळ्याकडचं कच्चं दूध न उकळता फ्रिजमधे ठेवलं, दोन दिवसांनी काढलं, आंबट वास नाही, फाटलं नाही, पण ओतताना दोरीसारखं उतरतंय, तर तो अल्कॅलिजेनिस नावाचा बॅक्टेरिया असण्याची शक्यता बरीच. हा पाण्यातला प्राणी आहे, विहिरीचं, ओहोळाचं पाणी, त्यातून भांड्यांना लागतो, आणि ह्याला थंडी चालते, फ्रिजमधेही वाढतो. ॲसिड मात्र तो करत नाही. पावसात विहिरीत वरचं पाणी उतरतं, त्याच पाण्याने दुधाच्या किटल्या विसळल्या जातात, म्हणून पावसाळ्यात हे जास्त. हा उकळण्याने मरतो, पाश्चरायझेशननेही मरतो, पण जिथून तो आला त्या पाण्याबरोबर अजून काय काय आलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून असं दूध सरळ टाकायचं.

दुसरे कोलिफॉर्म गटातले, म्हणजे शेणाशी, घाणेरड्या हाताशी, घाणेरड्या पाण्याशी नातं असलेले. ह्यातलेही काही चिकटपणा आणतात. पण हे गॅस करतात, आणि तिथे ते पकडले जातात. दह्यात बारीक बारीक भोकं, जाळं फाटलेलं, मधे भेगा, बाजूला हिरवट पाणी भरपूर सुटलेलं, वास आंबट नाही तर कुबट किंवा शेणासारखा, आणि चव आंबटपेक्षा कडवट. साध्या तारवाल्या दह्यात उलट असतं, त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात म्हणून वर पाणी फारसं सुटतच नाही, एकसंध मऊ गोळा असतो. म्हणजे तार आणि भरपूर पाणी आणि भोकं हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी चव पण घेत नाही.

तिसरे उकळण्यातून वाचणारे. बॅसिलस कुटुंबातले बॅक्टेरिया बीजासारखे स्पोअर करून बसतात आणि साध्या उकळण्याने ते स्पोअर मरत नाहीत. एरवी आपलं विरजण पटकन ॲसिड करतं आणि ह्यांना डोकं वर काढू देत नाही. पण विरजण मेलेलं किंवा दुबळं असेल तर ह्यांना मोकळं रान. आणि विरजण मरतं कसं, तर बहुतेक वेळा आपणच मारतो, दूध नीट कोमट न होता कढतकढत विरजण घालून. ५५-६० डिग्रीच्या दुधात घातलं की त्यातले कामाचे बरेचसे गेले, मग सकाळी डब्यात जे काही असतं ते कोणी केलं देव जाणे. ह्यातून येणारं दही गोडसर, आंबट नसलेलं, चिकट आणि नुसतं फाटल्यासारखं असतं.

तर तिन्ही वाईट प्रकारांत समान धागा कुठला ते लक्षात आलं असेल, चांगल्या तारवाल्या दह्याला स्वच्छ आंबट वास आणि स्वच्छ आंबट चव असते, बाकीच्यांना नसते. हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. दही घट्ट लागतं तेव्हा त्याचा पीएच साधारण ४.६ च्या आसपास उतरलेला असतो आणि त्या आंबटपणात पोट बिघडवणारे बहुतेक बॅक्टेरिया वाढू शकत नाहीत. आंबटपणा हा दह्याचा पहारेकरी आहे. तार असो नसो, पहारेकरी जागेवर आहे का एवढं बघायचं. वेळही बघायची. रात्री लावलेलं सकाळपर्यंत आंबट व्हायला लागलं पाहिजे, पावसाळ्यात गार ओट्यावर असलं तरी. बारा तास उलटले, दूध चिकट झालंय आणि आंबटपणाचा पत्ता नाही, तर ते वाट बघत अजून ठेवायचं नाही. टाकायचं.

आणि इथे एक सवय आहे जी मला घाबरवते. "टाकू नको, कढी करू, उकळली की सगळं मरतं." चांगल्या आंबट तारवाल्या दह्याची कढी करा, खुशाल करा, उत्तम होते. पण न लागलेल्या, संशयी दह्याची कढी नको, कारण स्टॅफिलोकोकस नावाचा बॅक्टेरिया, जो आपल्या हातावर, नाकात, बोटाच्या पिकलेल्या जखमेत असतो, तो आंबटपणा यायला उशीर झाला की दुधात वाढतो आणि एक विष सोडतो, आणि ते विष कढी उकळल्याने जात नाही. बॅक्टेरिया मरतो, विष राहतं. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, आजारी माणूस ह्यांना तर शंकेचं दही अजिबात द्यायचं नाही, भले ते शंभरातल्या नव्वद वेळा चांगलं निघणार असेल.

गुलाबी, केशरी, काळे ठिपके किंवा वर लव आली असेल तर हा सगळा विचार करायचीच गरज नाही, वरचा थर काढून खालचं खायचं नाही, पूर्ण डबा टाकायचा. हे सांगायला लागतं कारण आमच्याकडे वरची साय खरवडून खाली "चांगलं आहे की" म्हणणारे बरेच आहेत, नावं घेत नाही, घरातलेच आहेत.

आता तार घालवायची असेल तर. मी स्वतः थोड्या तारेचं दही बिनदिक्कत खाते, पण दहीभातात ते मला पण नको वाटतं, उगाच खोटं कशाला बोलू.

पहिलं म्हणजे जुनं विरजण सोडून द्यायचं. ते सुधारत बसण्यापेक्षा ज्याच्याकडे कवडीदार दही लागतं त्याच्याकडून चमचाभर आणायचं, आणि आदल्या दिवशीचं, फार तर दोन दिवसांचं ताजं आणायचं. सुधारायचंच असेल तर त्यालाही रस्ता आहे, कारण लॅक्टोकोकसमधे साखळ्या बनवायची कला बहुतेकदा प्लाझमिड नावाच्या सुट्या तुकड्यावर लिहिलेली असते आणि उबेत वारंवार वाढवलं की तो तुकडा हरवतो, मग बॅक्टेरिया तोच पण तार विसरलेला. शिवाय उबेत थर्मोफिलस पुढे जातात. म्हणून काही वेळा लागोपाठ नीट उबेत लावत गेलं की तार कमी होत जाते, काकूंच्या दुसऱ्या वाटीत एकाच खेपेत फरक दिसला तो असाच. पण धीर पाहिजे, आणि गणपती उद्यावर आले असतील तर जावेकडे जा.

दूध उकळायचं, नुसता एक उतू नाही, उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं. त्याने बाकीचे बॅक्टेरिया तर कमी होतातच, दुधातली दुसरी प्रोटीनंही केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागतं. मग निववायचं. पावसाळ्यात मी ४३-४५ डिग्रीला विरजण घालते, थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट दुधात बुडवून सावकाश दहा मोजता आलं पाहिजे, चटका बसून मागे यावं लागलं तर अजून थांबायचं, आणि नुसतं कोमट लागलं तर उशीर झाला, परत जरा गरम करायचं. एक लिटरला छोटा चमचाभर विरजण, फेटून, सगळीकडे नीट मिसळून. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमधे, इतकं गरम लागत नाही, हवाच काम करते, तेव्हा विरजणही थोडं कमीच घालायचं नाहीतर दही सकाळपर्यंत आंबटढाण.

मग ऊब टिकवायची. कॅसेरोल, नाहीतर डबा टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या पिंपात, नाहीतर बंद ओव्हनमधे नुसता दिवा लावून. लाईट गेली की ओव्हन उपयोगाचा नाही म्हणून आमच्याकडे तांदळाचं पिंप, ते लाईटवर चालत नाही. पाच ते सात तासांत लागलं की लगेच फ्रिजमधे. रात्री लावून सकाळी नऊला बघण्यापेक्षा दुपारी लावून संध्याकाळी आत ठेवणं ह्या हवेत जास्त बरं पडतं, लागल्यावर उगाच बाहेर राहिलं की आंबटही होतं आणि दुसरा गट परत उठतो. आणि विरजण त्याच वेळी, कोणाचा उष्टा चमचा पडायच्या आत, वेगळ्या छोट्या वाटीत काढून ठेवायचं.

भांड्यांचं पण सांगते. स्टीलचा डबा कढत पाण्याने धुतला की काम झालं. मातीचं लोटकं आणि लाकडी रवी ह्यांच्या छिद्रांत मात्र ते मागचे लोक मुक्कामाला असतात, नुसतं घासून जात नाहीत. रवी उकळत्या पाण्यात ठेवून मग खडखडीत वाळवायची, लोटकं चुलीवर किंवा गॅसच्या मंद आचेवर कोरडं तापवायचं. पावसात ऊन नाही म्हणून लोटकं ओलंच फडताळात जातं आणि मग नवीन विरजण आणूनही तार परत येते, तेव्हा दोष विरजणाला देतात.

अजून एक छोटं. दही लागत नाही म्हणून दुधात चिमूटभर साखर घालणारे आहेत. ल्युकोनोस्टॉकला तीच साखर हवी असते, उसाच्या साखरेपासून तो डेक्स्ट्रॅन नावाचा चिकट पदार्थ बनवतो, साखर कारखान्यात उसाचा रस बुळबुळीत होतो तो ह्याच कारणाने. तेव्हा तार येत असेल तर आधी ती साखर बंद. आणि विरजणच नाही म्हणून मिरचीच्या देठांवर दही लावणाऱ्यांना पहिल्या खेपेला तार दिसली तर नवल नाही, देठावर कोण बसलंय ते आपण निवडलेलं नसतं. ते पहिलं दही खायला घेऊ नये, त्यातलं चमचाभर घेऊन उबेत परत लावावं, आणि स्वच्छ आंबट, घट्ट लागेपर्यंत तसंच करावं.

आणि जे चांगलं आंबट पण तारवालं दही डब्यात आत्ता आहे, त्याचं काय. रवीने जोरात घुसळलं की त्या साखळ्यांचं जाळं मोडतं आणि ताणणं बरंच कमी होतं. पाणी, मीठ, ठेचलेलं आलं आणि कोथिंबीर घालून ताक करा, थोडं दाटसर लागेल पण तार जाणवणार नाही. कढी, थालीपिठाचं पीठ भिजवायला, ताकातली पालेभाजी, ह्यात ते सहज खपतं. कोशिंबिरीत आणि दहीपोह्यांत नका घालू, तिथे दही तसंच्या तसं राहतं आणि पाहुण्याच्या चमच्याला तार लोंबली की मग हे सगळं जेवणाच्या पानावर समजावून सांगत बसावं लागतं. काकूंनी ओट्यावरच्या वाटीची कढीच केली, आंबट चांगली होती, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी आणि कढीपत्ता. त्यांच्या नातवाने दोनदा मागून घेतली, त्याला वाटीतली तार कोणी दाखवली नव्हती.